पाहुण्या वक्त्यांच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानाचा वार्तापत्रासाठी गोषवारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाच्या वार्तापत्रात दर महिन्याला एका पाहुण्या वक्त्यांच्या व्याख्यानाचा गोषवारा छापतो. तो लिहिण्याची पाळी सभासदांमध्ये फिरत असते. ज्यांच्यावर पाळी येते ते संपादकांना साधारण तेच ते प्रश्न पाठवतात, म्हणून इथे ते एकत्र केले आहेत.

उदाहरण सर्वत्र एकच घेतलं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी १२ सप्टेंबर १९६२ रोजी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात पाहुणे म्हणून बोलले, ते चंद्रमोहिमेवरचं भाषण. ते जेमतेम अठरा मिनिटांचं आहे, ध्वनिमुद्रण सहज मिळतं आणि गोषवारा लिहिताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका त्याच्यावर करून झालेल्या आहेत.

१. गोषवारा आणि इतिवृत्त यांत फरक काय? मी तर आजवर इतिवृत्तच लिहीत आलो.

इतिवृत्त सभेचं असतं: कोण अध्यक्ष होतं, कुणी स्वागत केलं, पुष्पगुच्छ कुणी दिला, आभार कुणी मानले. गोषवारा वक्त्यांच्या म्हणण्याचा असतो. जो सभासद त्या संध्याकाळी येऊ शकला नाही, त्याला वक्ते काय म्हणाले आणि कशाच्या आधारावर म्हणाले हे कळलं की गोषवाऱ्याचं काम झालं. स्वागत आणि आभार यांची नोंद वार्तापत्रात दुसरीकडे एका ओळीत घ्या. गोषवाऱ्याच्या पहिल्या परिच्छेदात वक्त्यांचं नाव, ते कोण आहेत, विषय, तारीख आणि रेकॉर्डिंग कुठे ऐकता येईल एवढंच हवं.

२. किती शब्द लिहायचे?

तासाभराच्या व्याख्यानाला ३०० ते ४०० शब्द. त्याहून लांब झालं तर सभासद वाचत नाहीत. १५० च्या आत आणलं तर मुद्द्यांमागची कारणं गळतात आणि नुसती विधानं उरतात. केनेडींसारख्या छोट्या भाषणाला दीडशे-दोनशे शब्द पुरतात (नमुना प्रश्न ११ मध्ये आहे).

३. रेकॉर्डिंग किती वेळा ऐकायचं? मी थांबवत थांबवत लिहिते आणि अख्खा रविवार जातो.

पहिल्यांदा न थांबवता ऐका. कागदावर फक्त वेळ आणि दोन-तीन शब्द टिपा, म्हणजे ‘खर्च’, ‘रशिया पुढे’, ‘हशा’. पूर्ण वाक्यं लिहायला बसलात तर बोलण्याचा ओघ सुटतो, आणि वक्त्यांनी कशावर जोर दिला हे ओघातच कळतं. आवाज कुठे चढला, कुठे ते थांबले, कोणती गोष्ट फिरून सांगितली, हे सगळं पहिल्या ऐकण्यात सापडतं.

मग रेकॉर्डिंग बंद करून, टिपणं न पाहता, एका वाक्यात लिहा: वक्त्यांना काय पटवून द्यायचं होतं? हे वाक्य जमलं नाही तर पुन्हा ऐका. जमलं तर दुसऱ्या फेरीत फक्त त्या वाक्याला आधार देणाऱ्या जागा काढून ऐका, आणि अवतरण व आकडे तिथेच थांबवून उतरवा. तासाच्या व्याख्यानाला असे मिळून तीन तास धरावेत.

४. मुख्य मुद्दे कोणते हे ठरवायचं कसं? मला तर सगळंच महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न ३ मधलं एक वाक्य हाताशी धरा आणि प्रत्येक टिपणाला विचारा: हे काढलं तर वक्त्यांचं म्हणणं लंगडं पडतं का? पडत असेल तर तो मुद्दा, नाहीतर सजावट.

केनेडींच्या भाषणाची सुरुवात पाहा. मानवाच्या पन्नास हजार वर्षांच्या इतिहासाची ते पन्नास वर्षं करतात. त्या मापाने माणूस गुहेतून बाहेर पडला त्याला दहा वर्षं झाली, लिहायला शिकला त्याला पाच, छपाई यंदाच आली, विजेचे दिवे गेल्या महिन्यात, आणि पेनिसिलिन गेल्या आठवड्यात. ऐकताना हा भाग सर्वांत जास्त लक्षात राहतो आणि बहुतेक नवे लेखक निम्मा गोषवारा त्यातच खर्च करतात. पण हा भाग मुद्दा नाही, मुद्द्याचं दृश्य रूप आहे. मुद्दा असा की शोधांचा वेग वाढतच चालला आहे आणि त्यात थांबून विसावा घ्यायची सोय नाही. गोषवाऱ्यात त्याला एक वाक्य द्या.

उलट दोन गोष्टी ऐकताना निसटतात आणि गोषवाऱ्यात हव्याच असतात. एक, मानवी अंतराळ उड्डाणात आपण मागे आहोत आणि काही काळ मागेच राहू, हे केनेडी स्पष्ट बोलतात. दोन, या खर्चातून नेमके काय फायदे मिळणार हे आज माहीत नाही, काही प्रमाणात हा विश्वासाचा भाग आहे, असंही ते कबूल करतात. वक्ते स्वतःच्या म्हणण्याला जिथे मर्यादा घालतात तो भाग गाळला तर गोषवारा वक्त्यांपेक्षा जास्त ठाम होतो. विज्ञानाच्या व्याख्यानात ही चूक फारच जड जाते. ‘असं दिसतं’, ‘अजून खात्री नाही’, ‘एका नमुन्यावरून’ हे शब्द ऐकू आले की वेळ टिपून ठेवा.

५. वक्ते ज्या क्रमाने बोलले त्याच क्रमाने लिहायचं का?

गरज नाही. बोलताना माणूस हळूहळू मुद्द्याकडे येतो, वाचणाऱ्याला मुद्दा आधी हवा. केनेडींचं ‘चंद्रावर का जायचं’ हे उत्तर भाषणाच्या मध्यावर येतं. गोषवाऱ्यात ते वर आणलं तरी त्यांच्यावर अन्याय होत नाही. मात्र एका मुद्द्याचं कारण उचलून दुसऱ्या मुद्द्याला जोडू नका. खर्चाच्या समर्थनात ह्यूस्टन परिसरातल्या नोकऱ्या आणि नवे उद्योग येतात. ते ‘चंद्रावर का’ याचं उत्तर म्हणून छापलं तर भाषणच बदलतं.

६. गोषवाऱ्यात वक्त्यांचा कोट एकच का द्यायचा? आणि तो निवडायचा कसा?

अवतरणं दोन-चार झाली की लिहिणारा स्वतःचं काम वक्त्यांवर ढकलतो आणि गोषवाऱ्याची गोधडी होते. एकच द्यायचं म्हटलं की निवड करावी लागते, आणि निवड करताना व्याख्यान खरंच समजलं आहे का हे आपलं आपल्याला कळतं.

वाक्य वक्त्यांचं स्वतःचं असावं, मुख्य मुद्द्याला धरून असावं आणि मागचं-पुढचं न सांगता उभं राहावं. केनेडींच्या भाषणात ज्ञान वाढतं तसं आपलं अज्ञानही उलगडत जातं, अशा अर्थाचं एक सुंदर वाक्य आहे. ते भिंतीवर लावण्यासारखं आहे, पण भाषण त्याच्यासाठी केलेलं नव्हतं. ‘चंद्रावर जायचं ठरवलं आहे’ हे वाक्य जगभर माहीत असलं तरी मी तेच घेईन, फक्त पूर्ण घेईन. सहसा ते ‘सोपं आहे म्हणून नव्हे, तर अवघड आहे म्हणून’ इथे तोडतात. खरं कारण त्याच्या पुढे आहे: या ध्येयामुळे आपली उत्तम शक्ती आणि कौशल्यं संघटित होतील आणि त्यांचं मोजमाप होईल. नुसतं अवघड आहे म्हणून कुणी काही करत नाही. अवघड काम माणसांना एकत्र बांधतं, असं ते म्हणत आहेत.

७. अवतरणातले शब्द जसेच्या तसे हवेत का? वक्ते बोलताना ‘म्हणजे’, ‘काय झालं की’ असं खूप म्हणतात.

असे भरीचे शब्द आणि अडखळून दोनदा आलेला शब्द काढायला हरकत नाही. शब्दांची अदलाबदल, व्याकरण सुधारणं किंवा दूरची दोन वाक्यं जोडणं चालणार नाही. समजा रेकॉर्डिंगमध्ये असं आहे: ‘तर काय झालं की, म्हणजे, आपल्याकडे दुर्बिणी आहेत हो, पण, पण काळोख राहिला नाही.’ छापताना ‘आपल्याकडे दुर्बिणी आहेत हो, पण काळोख राहिला नाही’ एवढं ठीक. ‘दुर्बिणींची कमतरता नसून अंधाराची कमतरता आहे’ असं केलंत तर ते तुमचं वाक्य झालं. ते हवंच असेल तर अवतरण चिन्हं काढा आणि ‘वक्त्यांच्या मते’ म्हणून लिहा.

मधला भाग गाळला तर तिथे तीन टिंबं द्या आणि गाळल्यामुळे अर्थ सरकत नाही ना हे पाहा. केनेडींच्या वाक्यात ‘या दशकात’ आणि ‘त्या इतर गोष्टी’ हे शब्द आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ते कसलीही खूण न ठेवता गाळलेले दिसतात. ‘या दशकात’ गेलं की वाक्यातली मुदत जाते. ‘त्या इतर गोष्टी’ कळायला थोडं मागे जावं लागतं: त्याआधी त्यांनी सर्वांत उंच शिखर चढणं, विमानाने अटलांटिक ओलांडणं आणि राइसच्या संघाने बलाढ्य टेक्सासशी फुटबॉल खेळणं ही उदाहरणं दिलेली आहेत. अवतरण निवडल्यावर त्याच्या आधीचं आणि नंतरचं मिनिट पुन्हा ऐकण्याचा आग्रह त्यासाठीच असतो.

व्याख्यान इंग्रजीत किंवा हिंदीत असेल तर अवतरणाचा मराठी अनुवाद द्या आणि ‘अनुवाद आमचा’ असं कंसात लिहा.

८. वक्त्यांनी भाषणाची लेखी प्रत दिली आहे. मग रेकॉर्डिंग ऐकायची गरज काय?

आहे, कारण सभासदांनी जे ऐकलं ते प्रतीत असेलच असं नाही. राइसच्या फुटबॉल संघाचा उल्लेख केनेडींनी टंकलिखित प्रतीवर स्वतःच्या हाताने नंतर घातला होता. ती ओळ म्हणताच स्टेडियममध्ये जो गलका झाला त्यामुळे त्यांना ‘आम्ही चंद्रावर जायचं ठरवलं आहे’ हे पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. नुसती प्रत वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

प्रत आणि रेकॉर्डिंग यांत फरक आढळला तर बोललेलं ग्राह्य धरा. प्रतीचा खरा उपयोग नावांची आणि पारिभाषिक शब्दांची अक्षरं तपासायला होतो.

९. आकडे जसे बोलले तसेच लिहायचे का? आणि वक्त्यांचा आकडा चुकलाय असं वाटलं तर?

आकडा बदलायचा नाही, पण वाचकाला कळेल अशा मापात आणायचा. इथेच सर्वांत जास्त घसरायला होतं. केनेडी अंतराळावरचा वार्षिक खर्च ५,४०० मिलियन डॉलर सांगतात. एक मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणून ५,४०० मिलियन म्हणजे ५४,००० लाख, म्हणजे ५४० कोटी डॉलर. घाईत ‘५४ कोटी’ किंवा ‘५,४०० कोटी’ लिहिलं जातं. मिलियन, बिलियन आले की वर केल्यासारखं आधी लाखांत आणा, मग कोटींत. तसंच चंद्राचं अंतर ते २,४०,००० मैल सांगतात. आपण सुमारे ३,८६,००० किलोमीटर लिहावं.

आकडा खटकला तर आधी तो कशाबद्दल आहे हे पाहा. परत येणाऱ्या यानाला सूर्याच्या तापमानाच्या निम्मी उष्णता सोसावी लागेल, असं केनेडी म्हणतात. सूर्याच्या केंद्रात तापमान दीड कोटी अंशांच्या घरात असतं, त्यामुळे हे अशक्य वाटतं. पण त्यांचा रोख पृष्ठभागाकडे असणार. तिथे सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमान असतं, आणि अपोलो यानांच्या उष्णतारोधक कवचाला साधारण २,७०० ते २,८०० अंश सोसावे लागले. म्हणजे म्हणणं बरोबर आहे, एक शब्द राहिला आहे. गोषवाऱ्यात ‘सूर्याच्या पृष्ठभागाच्या’ असं लिहा, आणि तो शब्द अवतरणात घालायचा असेल तर चौकटी कंसात घाला.

खरोखरच चूक असेल तर वक्त्यांना फोन करून विचारा. बहुतेक जण मोकळेपणाने दुरुस्ती सांगतात. मग दुरुस्त आकडा छापून ‘वक्त्यांनी नंतर कळवल्यानुसार’ असं लिहावं. संपर्क झाला नाही तर तो आकडा सोडून द्या. गोषवाऱ्यात वक्त्यांशी वाद घालू नये. त्यासाठी पत्रव्यवहाराचं पान आहे.

१०. वक्त्यांनी दुसऱ्याचं वाक्य सांगितलं आणि तेच मला सर्वांत आवडलं. ते कोट म्हणून चालेल का?

चालणार नाही. केनेडींच्या भाषणाच्या शेवटी एव्हरेस्ट का चढायचं याचं उत्तर येतं: ‘कारण तो तिथे आहे.’ हे गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांचं म्हणून केनेडी सांगतात, आणि तरीही ते केनेडींच्या नावावर छापलेलं सापडतं. एकदा वार्तापत्रात चुकीच्या नावाने छापून आलं की पुढचा लेखक आपल्याच जुन्या अंकावरून ते उचलतो. मजकुरात ‘वक्त्यांनी मॅलरींच्या उत्तराची आठवण करून दिली’ एवढं जरूर लिहा.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे त्याच वक्त्याच्या दोन भाषणांची सरमिसळ. दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणायचा, हे उद्दिष्ट केनेडींनी २५ मे १९६१ रोजी अमेरिकेच्या काँग्रेससमोर मांडलं होतं. राइसमध्ये मुदत तीच आहे, शब्द वेगळे आहेत. वक्ते तुमच्या ओळखीचे असले, त्यांना आधी ऐकलेलं असलं, की असं हमखास होतं. अवतरणाशेजारी रेकॉर्डिंगमधलं मिनिट आणि सेकंद लिहून संपादकांना पाठवायचे, म्हणजे ते ताडून पाहता येतं.

११. एक तयार नमुना द्याल का?

> चंद्रावर का जायचं? : जॉन केनेडी
>
> अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १२ सप्टेंबर १९६२ रोजी राइस विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये देशाच्या अंतराळ कार्यक्रमावर भाषण केलं. ध्वनिमुद्रण सुमारे १८ मिनिटांचं आहे.
>
> शोधांचा वेग इतका वाढला आहे की थांबून पाहत राहणं शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. आपण सहभागी झालो किंवा नाही, तरी अंतराळाचा शोध पुढे चालूच राहणार. म्हणून तिथे पुढे असलं पाहिजे आणि अंतराळ शस्त्रांऐवजी ज्ञानाच्या साधनांनी भरलं पाहिजे. चंद्रच का, याचं उत्तर त्यांनी असं दिलं :
>
> ‘या दशकात चंद्रावर जायचं आणि त्या इतर गोष्टीही करायच्या असं आम्ही ठरवलं आहे, त्या सोप्या आहेत म्हणून नव्हे, तर अवघड आहेत म्हणून, कारण या ध्येयामुळे आमची उत्तमोत्तम शक्ती आणि कौशल्यं संघटित होतील आणि त्यांचं मोजमाप होईल.’ (अनुवाद आमचा. ‘इतर गोष्टी’ म्हणजे आधी उल्लेखलेली शिखर चढण्यासारखी आव्हानं.)
>
> मानवी उड्डाणात देश मागे आहे आणि काही काळ राहील, हे त्यांनी मान्य केलं. खर्च वर्षाला ५४० कोटी डॉलरवर गेला असून तो आणखी वाढेल. त्यातून कोणते फायदे होतील हे आज माहीत नाही, त्यामुळे काही अंशी हा विश्वासाचा प्रश्न आहे, असंही ते म्हणाले.

यात गुहा नाही, पेनिसिलिन नाही, फुटबॉलही नाही. ते ज्याला हवं तो रेकॉर्डिंग ऐकेल.

१२. छापण्याआधी वक्त्यांची परवानगी लागते का?

आपल्या शब्दांत केलेला गोषवारा आणि एक अवतरण यासाठी सहसा अडचण येत नाही. पूर्ण भाषण शब्दशः उतरवून छापायचं असेल तर लेखी परवानगी घ्या. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा मानला आहे. मंडळाने सभागृहाचं भाडं भरलं किंवा रेकॉर्डिंग केलं म्हणून तो मंडळाकडे येत नाही. स्लाइडवरची छायाचित्रं पुष्कळदा तिसऱ्याच कुणाची असतात, तीही विचारल्याशिवाय छापू नयेत. केनेडींचं भाषण राष्ट्राध्यक्षाने पदावर असताना केलेलं आहे आणि अमेरिकेच्या संघ सरकारच्या अशा मजकुरावर तिथे कॉपीराइट नसतो, म्हणून इथे ते मोकळेपणाने वापरता आलं.

आम्ही मजकूर वक्त्यांना छापण्याआधी दाखवतो आणि चार दिवसांची मुदत देतो. तथ्यांच्या दुरुस्त्या घेतो.

१३. वक्ते म्हणतात, ‘मी असं बोललोच नाही, कोट बदला.’ रेकॉर्डिंगमध्ये तर स्पष्ट ऐकू येतंय.

आधी त्यांना तेवढा तुकडा ऐकवा. पुष्कळदा त्यांचा आक्षेप शब्दांना नसतो, त्यातून निघणाऱ्या अर्थाला असतो, आणि तो रास्त असतो. अशा वेळी त्याच मुद्द्यावरचं दुसरं वाक्य रेकॉर्डिंगमधून शोधा. त्यांनी नवं, गुळगुळीत वाक्य लिहून पाठवलं तर ते व्याख्यानातलं अवतरण म्हणून छापता येणार नाही; ‘वक्त्यांनी नंतर लिहून कळवलं’ असं म्हणून देता येईल. दोन्ही पर्याय त्यांना मान्य नसतील तर अवतरणाविना गोषवारा छापा. पाहुण्यांना आपणच बोलावलेलं असतं, एका वाक्यासाठी त्यांना दुखवू नये.

१४. प्रश्नोत्तरांत वक्ते म्हणाले, ‘हे आपल्यातच ठेवा.’ पण रेकॉर्डिंग चालू होतं.

छापायचं नाही. रेकॉर्डिंग सभासदांसाठी ठेवणार असाल तर तो तुकडाही कापून टाका. बाकीची प्रश्नोत्तरं घ्यायला हरकत नाही, पण व्याख्यानात नसलेला मुद्दा तिथून घेतला तर ‘एका प्रश्नाच्या उत्तरात’ असं लिहा, आणि प्रश्न विचारणाऱ्या सभासदाचं नाव त्याला विचारून मगच द्या.

१५. रेकॉर्डिंगमधली मधली दहा मिनिटं माइक बंद होता. आता?

तेवढ्या भागासाठी हजर असलेल्या दोघांची टिपणं मागवा आणि वेगवेगळी वाचा. दोघांच्या टिपणांत जे जुळतं तेच आपल्या शब्दांत घ्या. त्या भागातलं अवतरण मात्र नको, वाक्य कितीही जणांना आठवत असलं तरी (कारण प्रश्न ७ मध्ये आहे). आकडे वक्त्यांकडूनच तपासून घ्या. गोषवाऱ्याखाली ‘ध्वनिमुद्रणातला काही भाग उपलब्ध नाही, तो टिपणांवरून’ अशी एक ओळ टाका, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकणाऱ्या सभासदाला तो मजकूर कुठून आला हे विचारावं लागणार नाही.